नेकिंगनंतरचा ट्रू स्ट्रेस-स्ट्रेन: गोल नमुन्यासाठी पायरीपायरीने

टेन्साइल टेस्ट झाली, मशीनने लोड आणि एक्स्टेन्शनची फाइल दिली. आता त्यातून ट्रू स्ट्रेस-स्ट्रेन कर्व्ह काढायचा आहे. बहुतेक नवखे पुस्तकातली दोन सूत्रे स्प्रेडशीटच्या पहिल्या ओळीत टाकतात आणि नमुना तुटेपर्यंत खाली ओढतात. कर्व्ह तयार होतो, दिसतोही बरा. फक्त कमाल लोडनंतर तोही इंजिनिअरिंग कर्व्हसारखा खाली वळतो. डक्टाइल धातूच्या साध्या तपमानावरच्या चाचणीत ट्रू कर्व्ह असा खाली वळलेला दिसला, तर आधी गणितावर संशय घ्यावा, धातूवर नंतर.

हा लेख गोल, गुळगुळीत नमुन्यापुरता आहे. पत्र्याच्या चपट्या नमुन्याचे नेकिंग, म्हणजे एकाच जागी बारीक होत जाणे, वेगळ्या तऱ्हेने होते, त्याबद्दल शेवटी थोडे सांगतो.

सूत्र कुठे मोडते

इंजिनिअरिंग स्ट्रेस `s` म्हणजे लोड भागिले सुरुवातीचे क्षेत्रफळ. इंजिनिअरिंग स्ट्रेन `e` म्हणजे वाढलेली लांबी भागिले सुरुवातीची गेज लेंथ. ट्रू स्ट्रेस `σ` मात्र त्या क्षणी जेवढे क्षेत्रफळ उरले आहे त्यावर काढतात. ट्रू स्ट्रेस आणि ट्रू स्ट्रेन `ε` यांची नेहमीची रूपांतराची सूत्रे अशी:

```
σ = s (1 + e)
ε = ln(1 + e)
```

यातला `(1 + e)` कुठून आला हे एकदा नीट पाहिले की पुढचा सगळा घोळ सुटतो. प्लास्टिक विरूपणात धातूचे आकारमान जवळपास बदलत नाही, म्हणून लांबी जेवढ्या पटीने वाढते तेवढ्याच पटीने क्षेत्रफळ घटते. म्हणजे `A0/A = L/L0 = 1 + e`. पण या समीकरणात एक गृहीतक गुपचूप बसलेले आहे: गेज लेंथचा प्रत्येक मिलिमीटर सारखाच ताणला जातो आहे. कमाल लोडपर्यंत हे खरे असते. त्यानंतर ताण एकाच जागी, नेकमध्ये, गोळा होतो आणि नमुन्याचा बाकीचा भाग आहे तिथेच थांबतो. एक्स्टेन्सोमीटर मात्र अजूनही सगळ्या गेज लेंथची सरासरी सांगत असतो. नेकमध्ये स्ट्रेन भरमसाठ आणि दोन सेंटिमीटरवर नवा स्ट्रेन शून्य, अशा दोन गोष्टींच्या सरासरीतून नेकबद्दल काहीच कळत नाही.

आता हा फरक लक्षात ठेवा. लांबीवरून काढलेली सूत्रे नेकिंगनंतर निकामी होतात. क्षेत्रफळावरून काढलेली सूत्रे टिकतात:

```
σ_avg = F / A
ε = ln(A0 / A) = 2 ln(d0 / d)
```

इथे `d` हा नेकच्या सर्वांत बारीक जागेचा त्या क्षणीचा व्यास. म्हणजे नेकिंगनंतर मोजायची वस्तू बदलते: लांबी सोडायची आणि व्यास धरायचा. पुढचे सगळे काम याभोवती फिरते.

पायरी १: नेकिंग कुठे सुरू झाले ते ठरवा

कमाल लोडच्या क्षणी `dF = 0`. `F = σA` यात आकारमान स्थिर धरून थोडी उलथापालथ केली की अट मिळते:

```
dσ/dε = σ
```

फ्रेंच अभियंता आर्मांड कॉन्सिडेअर याच्या नावाने ही अट ओळखली जाते, काळ १८८५चा. तिचा अर्थ सरळ आहे. ताणल्यामुळे धातू कडक होत जातो आणि त्याच वेळी क्षेत्रफळ घटत जाते. जोवर कडक होण्याचा वेग जास्त आहे तोवर एखादी जागा चुकून बारीक झाली तरी ती कडक होऊन सावरते आणि ताण शेजारी सरकतो. ज्या क्षणी कडक होणे मागे पडते, त्या क्षणापासून बारीक झालेली जागा आणखी बारीक होत जाते. धातू कमकुवत झालेला नसतो. नेकमधला धातू तर अजूनही कडकच होत असतो, फक्त लोड पेलायला क्षेत्रफळ उरत नाही म्हणून लोड घसरतो.

प्रत्यक्षात अडचण ही की लोडचा माथा सपाट असतो. मऊ स्टीलमध्ये स्ट्रेन २० टक्के असो वा २४ टक्के, लोडमधला फरक मशीनच्या गोंगाटात हरवतो. स्प्रेडशीटमधले `MAX` त्या सपाटीवरचा कुठलातरी एक बिंदू उचलते आणि आपण त्यावर डोळे झाकून विश्वास ठेवतो. याला मला आवडणारा उपाय तुटलेल्या नमुन्यातच आहे. नेकपासून निदान दोन व्यास दूर, आणि पकडीजवळच्या जाड होत जाणाऱ्या भागापासूनही दूर, अशा जागी मायक्रोमीटरने व्यास मोजा. नेकिंग सुरू झाले तेव्हाच तो भाग ताणायचा थांबला, म्हणून तिथला व्यास त्या क्षणाची नोंद आहे. त्यावरून आलेला स्ट्रेन आणि लोडच्या माथ्यावरचा स्ट्रेन जवळपास जुळले पाहिजेत. नमुना मुद्दाम मध्यभागी किंचित बारीक घडवला असेल, तर बाहेरच्या भागाचा स्ट्रेन थोडा कमी येणार, हे धरून चला.

पायरी २: माथ्यापर्यंत सूत्र, तिथे कात्री

एक उदाहरण घेऊन पुढे जाऊ. आकडे समजायला सोयीचे जावेत असे मांडले आहेत, पण मऊ स्टीलच्या वागण्याला धरून आहेत. नमुन्याचा व्यास १० मिमी, गेज लेंथ ५० मिमी. सुरुवातीचे क्षेत्रफळ ७८.५४ चौ. मिमी.

कमाल लोड ३१.४ किलोन्यूटन, त्या वेळी लांबी ११ मिमीने वाढलेली. म्हणजे `s` ४०० एमपीए आणि `e` ०.२२. सूत्र इथे चालते: ट्रू स्ट्रेस ४०० गुणिले १.२२ म्हणजे ४८८ एमपीए, ट्रू स्ट्रेन `ln(1.22)` म्हणजे ०.१९९. तुटलेल्या नमुन्यावर नेकपासून दूर व्यास ९.०५ मिमी भरला, तर `2 ln(10/9.05)` म्हणजे सुमारे ०.२ येतो. जुळले. या ओळीनंतर लांबीवरच्या सूत्राचे दोन्ही रकाने रिकामे करून टाका. रंग बदलून ठेवू नका, पुसाच. ठेवलेला आकडा कधीतरी कुणीतरी आलेखात ओढतोच.

पायरी ३: नेकचा व्यास मोजा

खरी मेहनत इथे आहे. एक्स्टेन्सोमीटर आता उपयोगाचा नाही, आणि नमुना तुटताना त्याला हादरा बसू नये म्हणून अनेक प्रयोगशाळांत तो या सुमारास काढूनच घेतात. क्रॉसहेडच्या हालचालीचा आकडा तर वापरूच नये, त्यात मशीनची आणि पकडीची ढिलाईही मिसळलेली असते.

व्यास मोजायचे दोन व्यवहार्य मार्ग आहेत. पहिला: मशीन थोडे थोडे थांबवून, धारदार तोंडाच्या व्हर्नियरने किंवा टोकदार मायक्रोमीटरने नेकची सर्वांत बारीक जागा मोजायची. सपाट तोंडाचा मायक्रोमीटर नेकच्या वळणावर नीट टेकत नाही आणि व्यास जास्त दाखवतो. एकमेकांशी काटकोनात दोन व्यास घ्या. सळई ओढून किंवा लाटून केलेली असेल तर नेक किंचित लंबगोल निघू शकते. एक खाचखळगा लक्षात असू द्या: मशीन थांबवल्याबरोबर लोड आपोआप थोडा उतरतो, कारण क्रॉसहेड स्थिर असतानाही धातू हळूहळू वाहत असतो. म्हणून व्यासासोबत लिहायचा लोड थांबण्याच्या अगदी आधीचा असावा, थांबून व्यास मोजून झाल्यानंतरचा नव्हे.

दुसरा मार्ग कॅमेऱ्याचा. नमुन्यामागे उजेडाचा सपाट पडदा, समोर लांब लेन्स, आणि दर सेकंदाला लोडच्या घड्याळाशी जुळवलेला एक फोटो. मशीन थांबवावे लागत नाही आणि नेकच्या कडेचे वळणही त्याच फोटोत मिळते, ज्याची पुढच्या पायरीत गरज लागेल. मोजपट्टी म्हणून नमुन्याचा मूळ व्यासच वापरता येतो.

आपल्या उदाहरणात नेकिंगनंतर एका क्षणी लोड २९.५ किलोन्यूटन, एक्स्टेन्शन १४ मिमी आणि नेकचा व्यास ७.५ मिमी आहे. क्षेत्रफळ ४४.१८ चौ. मिमी. आता दोन्ही पद्धती शेजारी ठेवून पाहा.

लांबीवरचे सूत्र चालू ठेवले असते तर: इंजिनिअरिंग स्ट्रेस ३७६, गुणिले १.२८, म्हणजे ४८१ एमपीए, स्ट्रेन ०.२४७. ट्रू स्ट्रेस माथ्यावरच्या ४८८ पेक्षा खाली आला. सुरुवातीला म्हटलेली खाली वळणारी शेपूट ती हीच.

क्षेत्रफळावरून: २९५०० भागिले ४४.१८ म्हणजे ६६८ एमपीए. स्ट्रेन `2 ln(10/7.5)` म्हणजे ०.५७५. एकाच क्षणी, एकाच नमुन्यात, स्ट्रेन दुपटीहून जास्त आणि स्ट्रेस सुमारे ४० टक्क्यांनी वर.

तुटण्याच्या क्षणी लोड २३ किलोन्यूटन, एकूण एक्स्टेन्शन १७ मिमी आणि तुटलेल्या जागेचा व्यास ६ मिमी असेल, तर फरक आणखी फाकतो. लांबीवरचे सूत्र ३९२ एमपीए आणि ०.२९३ सांगते, क्षेत्रफळ ८१४ एमपीए आणि १.०२ सांगते. या शेवटच्या बिंदूवर मात्र फार भार टाकू नका. तुटण्याआधी नेकच्या पोटात पोकळ्या तयार होऊन जोडल्या गेलेल्या असतात, आणि लोड इतक्या झपाट्याने कोसळतो की नेमका कोणता आकडा धरायचा हेच संदिग्ध असते.

त्या १७ मिमीमध्येच आणखी एक गोष्ट दडली आहे. त्यातले ११ मिमी सगळ्या लांबीवर सारखे वाटलेले आणि ६ मिमी फक्त नेकचे. हाच धातू १०० मिमी गेज लेंथवर तपासला असता तर २२ अधिक ६, म्हणजे २८ टक्के लांबी वाढली असती. ५० मिमीवर तीच ३४ टक्के दिसते. धातू एकच, आकडे दोन. म्हणून तुटेपर्यंतची टक्केवारी गेज लेंथ सांगितल्याशिवाय तुलनेला घेऊ नये, आणि म्हणूनच मानक नमुन्यांत गेज लेंथ व्यासाच्या ठरावीक पट अशी बांधून दिलेली असते. क्षेत्रफळावरून काढलेल्या स्ट्रेनला हा रोग नाही.

पायरी ४: ब्रिजमनची दुरुस्ती

६६८ एमपीए हा नेकमधला सरासरी अक्षीय स्ट्रेस आहे आणि तो खरा आहे. पण धातूला त्या स्ट्रेनवर एकाच दिशेने ताणून वाहते ठेवायला जेवढा स्ट्रेस लागला असता, तेवढा तो नाही; त्याहून जास्त आहे. कारण नेकचे वळण. कडेला वळलेल्या रेषांमधून जाणारा ताण आतल्या धातूला बाहेरच्या दिशेनेही ओढतो. तिन्ही दिशांनी ओढ बसली की धातू वाहायला नाखूश होतो आणि जास्त अक्षीय स्ट्रेस मागतो. हा वरचा भाग वजा केल्याशिवाय तुमचा कर्व्ह आधीच्या, नेक नसलेल्या भागाला जोडता येत नाही.

ही दुरुस्ती पर्सी ब्रिजमन यांनी १९४०च्या दशकात मांडली. उच्च दाबावरच्या कामासाठी १९४६चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळालेले तेच ब्रिजमन.

```
σ_eq = σ_avg / [ (1 + 2R/a) · ln(1 + a/2R) ]
```

`a` म्हणजे नेकची त्रिज्या (व्यास नव्हे, इथे पुष्कळ जण घसरतात) आणि `R` म्हणजे नेकच्या कडेच्या वळणाची त्रिज्या. `R` साठी फोटोतल्या नेकच्या अगदी बारीक भागाजवळच्या कडेवर वर्तुळ बसवा. दूरची कडा घेतली तर वळण सपाट वाटते, `R` मोठा येतो आणि दुरुस्ती कमी पडते.

उदाहरणात `a` ३.७५ मिमी, `R` ९ मिमी मिळाला असे समजू. भाजक येतो १.०९८, आणि ६६८ भागिले १.०९८ म्हणजे सुमारे ६०८ एमपीए.

`R` मोजणे कटकटीचे आहे, म्हणून त्याची चूक किती महागात पडते ते एकदा तपासावे. ९ ऐवजी ७ मिमी धरला तर उत्तर ५९४ येते, जेमतेम अडीच टक्के फरक. उलट व्यासात ०.१ मिमीची चूक झाली तर तेवढ्यानेच क्षेत्रफळ पावणेतीन टक्के हलते. म्हणजे वर्तुळ बसवण्यात तास घालवण्यापेक्षा व्यास दोनदा मोजणे जास्त फायद्याचे. फोटोच नसेल तर स्टीलसाठी एक अनुभवजन्य अंदाज वापरतात, ज्यात `a/R` म्हणजे नेकिंगनंतरच्या जादा स्ट्रेनची सुमारे १.१ पट. आपल्याकडे जादा स्ट्रेन ०.३७६ आहे, त्यातून `a/R` ०.४१ येते आणि `R` ९ मिमीच्या आसपासच निघतो. दुसऱ्या धातूंना हा आकडा तपासल्याशिवाय लावू नये.

ब्रिजमनच्या सूत्रात नेकच्या बारीक छेदावर सगळीकडे स्ट्रेन सारखा आहे असे धरले आहे. नेक खोल होत जाते तसे हे गृहीतक ढिले पडते, म्हणून तुटण्याच्या जवळचे दुरुस्त केलेले आकडेही अंदाजेच समजावेत.

पायरी ५: कर्व्ह जोडा आणि पुढे न्या

माथ्यापर्यंतचे बिंदू लांबीवरून, नंतरचे व्यासावरून आणि दुरुस्तीसह. आता हे दोन तुकडे एकाच ओघात बसतात का ते पाहायचे. सर्वांत सोपी कसोटी `σ = K εⁿ` या घातसूत्राची. या सूत्रात कॉन्सिडेअरची अट घातली की नेकिंग `ε = n` ला सुरू होते असे मिळते. म्हणजे आपल्यासाठी `n` ०.१९९, आणि माथ्याच्या बिंदूवरून `K` ६७३ एमपीए. हेच सूत्र ०.५७५ स्ट्रेनवर ६०३ एमपीए सांगते. आपण मोजून आणि दुरुस्त करून ६०८ काढला. दुरुस्ती न केलेला ६६८ या ओघाच्या चांगलाच वर तरंगतो, आणि लांबीवरच्या सूत्राचा ४८१ खाली लोंबतो.

एवढे छान जुळतेच असे नाही. घातसूत्र मोठ्या स्ट्रेनवरही चढतच राहते. काही धातू मात्र एका पातळीवर टेकत जातात; त्यांना व्होसचे सूत्र जास्त शोभते, कारण त्यात स्ट्रेसला वरची मर्यादा आहे. दोन्ही सूत्रे माथ्यापर्यंतच्या बिंदूंवर सारखीच सुबक बसू शकतात आणि १.० स्ट्रेनवर एकमेकांपासून बरीच दूर जाऊ शकतात. म्हणून नुसत्या माथ्याआधीच्या डेटावरून पुढे रेघ ओढू नका. नेकमधले दोन-तीन दुरुस्त बिंदू असले की कोणते सूत्र निवडायचे हा वाद तिथेच मिटतो.

पायरी ६: फाइनाइट एलिमेंटमध्ये देताना

बहुतेकांना हा कर्व्ह सिम्युलेशनसाठीच हवा असतो. सॉफ्टवेअर साधारणपणे ट्रू स्ट्रेस आणि प्लास्टिक स्ट्रेन मागते, म्हणजे एकूण ट्रू स्ट्रेनमधून `σ/E` वजा करायचा. माथ्यावर हा भाग ०.००२४ एवढाच आहे, पण यील्डजवळ तो विसरला तर टेबलची पहिली ओळ चुकते. टेबल माथ्यावर संपवले तर पुष्कळ सॉफ्टवेअर त्यानंतर स्ट्रेस सपाट धरते, म्हणजे धातू कडक व्हायचा थांबला असे मानते. नेक खऱ्यापेक्षा लवकर आत जाते. आणि खाली वळणारी चुकीची शेपूट दिली तर धातू मऊ होतो आहे असा निरोप जातो, ताण एकाच ओळीतल्या एलिमेंटमध्ये कोंडतो आणि जाळी बारीक केली की उत्तर बदलत राहते.

तपासणीसाठी तीच टेन्साइल टेस्ट सिम्युलेशनमध्ये करा. दोन गोष्टी जुळवा: लोड-एक्स्टेन्शन कर्व्ह आणि दिलेल्या लोडला नेकचा व्यास. पहिला जुळला आणि दुसरा नाही, असे झाले तर नेकिंगनंतरचा भाग अजून बरोबर नाही. लोड लवकर कोसळत असेल तर शेपटीचा स्ट्रेस थोडा वर घ्या, उशिरा कोसळत असेल तर खाली, आणि पुन्हा चालवा. चांगला फोटो नसलेल्या जुन्या चाचण्यांसाठी ही उलटी पद्धत ब्रिजमनच्या दुरुस्तीइतकीच, कधी कधी जास्त, भरवशाची ठरते.

जिथे हे सगळे लागू होत नाही

पुढील काही खुणा दिसल्या तर थांबा. माथ्यानंतर क्रॉसहेड पुढे जात असताना एक्स्टेन्सोमीटरचा आकडा किंचित मागे सरकला, तर नेक गेज लेंथच्या बाहेर झाली आहे. आतला भाग लोड उतरल्यामुळे इलॅस्टिकपणे आखडतो आहे. माथ्यापर्यंतचा डेटा अजूनही चालतो, तुटेपर्यंतची टक्केवारी टाकून द्या.

थंडपणे ओढलेल्या सळईत माथा एक-दोन टक्क्यांतच येतो. तिथे लांबीवरच्या सूत्राचा उपयोग जवळपास संपतो आणि जवळजवळ सगळा कर्व्ह व्यासावरून काढावा लागतो. चाचणी वेगाने केली असेल तर नेकमधला स्ट्रेनचा वेग गेज लेंथच्या सरासरीपेक्षा कितीतरी जास्त होतो आणि तिथला धातू तापतोही, मग मिळालेला कर्व्ह एका वेगाचा आणि एका तपमानाचा राहत नाही.

पत्र्याच्या नमुन्यात आधी रुंदीवर पसरट नेक येते आणि मग तिच्यात तिरकी, अरुंद चर पडते. तिथला छेद आयताकृती राहत नाही, कडा आत झुकतात, आणि ब्रिजमनचे सूत्र गोल छेदासाठीच आहे. रुंदी आणि जाडी मोजून गुणले तरी क्षेत्रफळ थोडे चुकते. पत्र्यासाठी पृष्ठभागावर ठिपके फवारून कॅमेऱ्याने जागोजागचा स्ट्रेन मोजतात, स्ट्रेसचा भाग सिम्युलेशनशी जुळवून घेतात, आणि अरुंद चर पडायच्या आधीच डेटा कापतात.